डॉक्टर काय तपासत होते?

शेजारची सहावीतली मुलगी परवा संध्याकाळी हातात एक झेरॉक्स घेऊन आली. 'काकू, यात माझं काय चुकलं ते सांगा.' कागदावर वाक्य छापलेले होते, 'डॉक्टर ____ तपासत होते.' कंसात दोन पर्याय: शिर, शीर. तिने 'शिर' लिहिले होते आणि त्यावर लाल फुली बसली होती. शीर म्हणजे रक्तवाहिनी आणि डॉक्टर रक्तवाहिनी तपासतात, म्हणून उत्तर शीर. मुलगी ऐकायला तयार नव्हती. 'मी झोक्यावरून पडले होते तेव्हा डॉक्टरांनी माझं डोकंच तपासलं होतं की!'

मुलगी बरोबर होती. शिर म्हणजे डोके आणि या वाक्यात दोन्ही शब्द बसतात. चूक वाक्य लिहिणाऱ्याची होती. मी बावीस वर्षे मुद्रितशोधन करते, त्यामुळे कागद हातात आला की नजर आधी मथळ्यावर जाते. मथळा होता, 'शुद्धलेखन कृतीपत्रिका'. त्यातला 'ती' दीर्घ. 'कृती' हा शब्द एकटा असताना दीर्घ ठीक, पण समासात तो ऱ्हस्व होतो, म्हणून 'कृतिपत्रिका'. आमची उजळणी मग मथळ्यापासूनच सुरू झाली.

अशा कागदांवर दिसणाऱ्या जोड्या आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केल्या आहेत. दिन-दीन, सुर-सूर, सुत-सूत, पाणि-पाणी. उच्चार एक, लेखन वेगळे, अर्थ वेगळा. पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या आणि नंतर विसरलो. हे शब्द आपल्याला मुळात का गोंधळात टाकतात, हे मात्र आपल्याला कुणी फारसे सांगितले नाही.

कारण कानात आहे. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. मराठी बोलताना दोन्हींतला 'दी' सारखाच लांबतो, कारण शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार आपली जीभ आपोआप लांबवते. फूल, खीर, वकील, गरीब असे शब्द घ्या. लांब ऐकू येतात आणि लिहितोही दीर्घ. आता त्यांना प्रत्यय लावा: फुलाला, खिरीत, वकिलाने, गरिबाचा. जीभ पुढे धावते, आधीचे अक्षर आखडते आणि लेखनातही ऱ्हस्व येतो. म्हणजे अस्सल मराठी शब्दांचे लेखन बरेचसे कानाप्रमाणे चालते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द, म्हणजे तत्सम शब्द, मात्र कानाला जुमानत नाहीत. ते संस्कृतातली मात्रा घेऊन येतात आणि ती सोडत नाहीत. आपण 'दीन' असे ऐकतो, पण संस्कृतात दिवसाचा दिन ऱ्हस्व आहे म्हणून तो ऱ्हस्व लिहायचा. तेव्हा 'महाराष्ट्र दीन' लिहिणाऱ्या मुलाचा कान बिघडलेला नाही. त्याने ऐकले तसे इमानदारीने लिहिले.

हे एवढे कळले की निम्म्या जोड्या पाठ कराव्या लागत नाहीत. त्यांत एक शब्द संस्कृत असतो आणि दुसरा मराठीत घडलेला. शिर संस्कृत, शीर मराठी. सुर म्हणजे देव, हा संस्कृत. गाण्यातला सूर 'स्वर' या शब्दापासून मराठीत घडला. सुत म्हणजे मुलगा, संस्कृत. चरख्यावरचे सूत 'सूत्र' झिजून तयार झाले. मराठीत घडलेला शब्द दीर्घ, कारण तो आपल्या जिभेचा नियम पाळतो. ओळखायची खूण प्रत्ययात आहे. सूर-सुरात, सूत-सुताने, शीर-शिरेतून. प्रत्यय लावताच दीर्घ अक्षर आखडले, तर शब्द मराठी. 'दीन' आखडत नाही, दीनांना दीर्घच राहतो, म्हणजे तो संस्कृत.

मुलीला हे पटवायला मी महाभारतातला सूत काढला. कर्णाला सूतपुत्र म्हणतात, कारण त्याला वाढवणारा अधिरथ सूत होता, म्हणजे सारथी. हा सूत संस्कृत आणि दीर्घ. धाग्याचे सूतही दीर्घ. दोघांना विभक्ती लावून बघ म्हटले. तिने जरा विचार केला आणि लिहिले, 'राजाने सूताला रथ थांबवायला सांगितले. विणकराने सुताला गाठ मारली.' एकच अक्षर वेगळे, पण दोन शब्दांची कुळे वेगळी आहेत हे तिला दिसले. मग मी विचारले, 'कर्णाला सुतपुत्र लिहिलं तर?' सुत म्हणजे मुलगा, सुतपुत्र म्हणजे मुलाचा मुलगा. 'म्हणजे कर्ण नातू झाला!' आणि ती हसत सुटली.

जिथे दोन्ही शब्द संस्कृत असतात, तिथे प्रत्ययाची युक्ती चालत नाही. दिनाला आणि दीनाला दोन्ही आपापली मात्रा राखतात. तिथे शब्दाचे भाऊबंद शोधावेत. 'सलील' म्हणजे लीलेने, सहज. त्याच्या पोटात 'लीला' आहे म्हणून 'ली' दीर्घ. 'तिने सलील पावले टाकली.' पाणी या अर्थाचा 'सलिल' मात्र ऱ्हस्व: 'सरोवरातले सलिल निवळले.' 'मीलन' म्हणजे मिटणे, 'निमीलन' या शब्दातला: 'सूर्य मावळताच कमळाचे मीलन झाले.' 'मिलन' म्हणजे भेट: 'वीस वर्षांनी दोघा भावांचे मिलन झाले.' दिन-दीनसाठी मी मुलीला दीनदुबळे आणि दीनानाथ हे शब्द दिले. ते तिला आधीपासून ठाऊक होते. दिवसासाठी दिनदर्शिका स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतीच. तिची वाक्ये: 'महाराष्ट्र दिन 1 मे रोजी असतो.' 'राजाने दीनांना धान्य वाटले.' एका वर्षी 5 सप्टेंबरला आमच्या भागात 'शिक्षक दीनाच्या शुभेच्छा' असा फलक लागला होता. शिक्षकांच्या पगाराची परिस्थिती पाहता काहींना ते शुद्धलेखन बरोबरच वाटले असेल.

आता त्याच कागदावरचे दोन प्रश्न, ज्यांवर माझा खरा राग आहे. सहावा प्रश्न होता, 'तहान लागली म्हणून मी ____ प्यायलो. (पाणि / पाणी)'. सातवा, 'पूर्वेला ____ उगवला. (रवि / रवी)'. सातव्याचे छापलेले उत्तर होते 'रवि', आणि खाली टीप: रवी म्हणजे ताक घुसळण्याचे साधन.

हे पूर्वी खरे होते, आता नाही. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे 14 नियम केले आणि 1962 मध्ये शासनाने ते स्वीकारले. 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारा इकार किंवा उकार दीर्घ लिहायचा, शब्द संस्कृत असला तरी. म्हणून कवी, बुद्धी, गती, गुरू आणि अर्थात रवीसुद्धा. 'आणि', 'नि' आणि 'परंतु', 'तथापि' यांसारखी काही अव्यये हे अपवाद. त्यामुळे सूर्यही रवी आणि ताक घुसळायची रवीही रवी. 'डोंगरामागून रवी वर आला.' 'आजीने रवीने ताक घुसळले.' दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत आणि दोन्हींत लेखन एकच आहे. मुलीने 'रवी' लिहिले असते तर तिला फुली मिळाली असती, तीही बरोबर उत्तराला.

संस्कृतातला ऱ्हस्व मात्र पूर्ण गेलेला नाही. तो समासात शिल्लक आहे. शब्द एकटा असताना दीर्घ, दुसऱ्या शब्दाच्या आधी आला की ऱ्हस्व: रवी पण रविवार, गुरू पण गुरुपौर्णिमा, बुद्धी पण बुद्धिबळ, कृती पण कृतिपत्रिका. म्हणूनच पाणि-पाणी ही जोडी आज एकाच ठिकाणी भेटते, ती म्हणजे लग्नात. 'पाणिग्रहणाच्या वेळी भटजींनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले.' पाणि म्हणजे हात. 'पाणीग्रहण' लिहिले तर वधूवर पाणी घ्यायला निघाल्यासारखे वाटते. ही जोडी शिकवायचीच असेल तर प्रश्न पाणिग्रहणाचा हवा. तहान लागल्यावर हात पिण्याचा पर्याय देऊन शुद्धलेखन शिकवता येत नाही, कारण तिथे मूल अर्थावरून उत्तर ओळखते आणि लेखनाकडे पाहतही नाही.

1962 च्या नियमांनी आणखी एक जोडी मिटवली. जुनी पुस्तके चाळली तर 'नांव' असे लेखन दिसते. ज्या अनुस्वाराचा उच्चार होत नाही तो काढून टाकायचा असे ठरले आणि 'नांव' चे 'नाव' झाले. होडीची नाव आधीपासून होतीच. 'तुझे नाव काय?' 'नाव काठाला लागली.' आता लेखन सारखे, फरक लिंगात: ते नाव, ती नाव.

लिंग हा अशा प्रश्नांचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षिलेला आधार आहे. ते शिर, ती शीर. 'डॉक्टर ____ तपासत होते' या वाक्यात क्रियापद डॉक्टरांप्रमाणे चालते, म्हणून शब्द कोणता ते कळत नाही. 'डॉक्टरांनी ____ तपासली' असे लिहिले असते तर 'तपासली' या शब्दातच उत्तर होते, शीर. 'तपासले' असते तर शिर. वाक्यात एवढा एक बदल केला असता तर मुलीला लाल फुली मिळाली नसती आणि मलाही हा लेख लिहावा लागला नसता. पिक-पीक या जोडीचेही तसेच. पिक म्हणजे कोकीळ, पुल्लिंगी, पीक नपुंसकलिंगी. 'आंब्यावर पिक बसला.' 'यंदा पीक चांगले आले.' अर्थात आज कोण कोकिळेला पिक म्हणतो? सुत आणि पिक हे शब्द जुन्या काव्यात भेटतात. सहावीतले मूल ते कधी लिहिणार नाही आणि ज्या शब्दांत ते खरोखर चुकते ते मात्र कागदावर नसतात.

ते शब्द कोणते? माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात मोठी माणसेच ज्यांत चुकतात, ते. पहिला 'सुचणे'. सुचणे आणि सूचना हे एकाच घरचे, पण सुचणे मराठीत रुळून ऱ्हस्व झाले आणि सूचना संस्कृतातला दीर्घ धरून राहिली. 'मला एक युक्ती सुचली.' 'मुख्याध्यापकांनी सूचना वाचून दाखवली.' लोक दोन्हींत एकच अक्षर वापरतात, कधी दोन्ही ऱ्हस्व, कधी दोन्ही दीर्घ.

दुसरी जोडी जन आणि जण. माणसे मोजायची असतील तर जण: 'गाडीत सहा जण बसले.' लोक या अर्थाने जन: 'सभेला जनसागर लोटला.' आधी संख्या, 'काही' किंवा 'सर्व' असा शब्द आला की ण, हे लक्षात ठेवले की पुरते. पण इथे शिक्षकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मराठीच्या अनेक बोलींत न आणि ण यांत फरक केला जात नाही. ज्या घरात 'पानी' म्हणतात तिथल्या मुलाला मन आणि मण, जन आणि जण हे खरोखरच एकसारखे ऐकू येतात. शहरातल्या मुलाला जी जोडी सोपी वाटते ती त्याला दिन-दीनइतकीच अवघड असते. 'माझे मन लागत नाही' आणि 'दहा मण ज्वारी झाली' अशी वाक्ये त्याला अर्थासह, पुन्हा पुन्हा वाचायला द्यावी लागतात. नुसते ओरडून 'नीट उच्चार कर' म्हटले तर काहीच साधत नाही.

तिसरी जोडी प्रश्नपत्रिकांत सापडते. 'पुढील विधान विषद करा.' विशद म्हणजे स्पष्ट. विषद म्हणजे विष देणारा. श आणि ष आपण आज सारखेच उच्चारतो, म्हणून ही चूक इतकी मुरली आहे की काही जणांना विशदच चुकीचा वाटतो. 'शिक्षकांनी नियम विशद केला.' 'विषद औषध कुणी पिऊ नये.' मात्र कोश आणि कोष ही जोडी कागदावर आली तर ती फेटाळा. हा एकच शब्द आहे आणि संस्कृतात त्याची दोन्ही लेखने चालतात. रूढीने शब्दकोश आणि विश्वकोश 'श' ने लिहितात आणि कोषागार 'ष' ने, एवढेच. रूढी म्हणून ते शिकवावे, अर्थभेद म्हणून नाही.

आणखी एक शब्द, जो सहावीसाठी नाही, पण प्रकाशकांसाठी आहे. भाषांतरित पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'अनुदित' छापतात. अनु आणि उदित यांचा संधी झाला की दोन उकार मिळून दीर्घ होतो, म्हणून अनूदित, म्हणजे अनुवाद केलेले. अन् आणि उदित मिळून मात्र ऱ्हस्व अनुदित होतो, म्हणजे न बोललेले किंवा न उगवलेले. 'हे पुस्तक बंगालीतून अनूदित आहे.' 'सूर्य अजून अनुदित होता.' एका मुखपृष्ठावर मी हा फरक दाखवला तेव्हा संपादक म्हणाले, 'मूळ लेखकाचं बंगाली न बोलताच छापायचं का आपण?' आणि त्यांनी लगेच दुरुस्त केले.

मग तो कागद आम्ही दोघींनी नव्याने मांडला. दहाऐवजी सहा प्रश्न ठेवले. पिक आणि सुत काढले, रवि काढला, पाणि ठेवला पण पाणिग्रहणासाठी. प्रत्येक वाक्यात निदान एक शब्द असा घातला, ज्याने उत्तर ठरेल. कधी लिंग, कधी संख्या, कधी विभक्ती. सूर-सुरचा प्रश्न असा झाला: 'गायिकेचा ____ पहिल्याच ओळीत लागला.' लगेच खाली दुसरे वाक्य: 'वासुकी नागाला एका बाजूने ____ आणि दुसऱ्या बाजूने असुर ओढत होते.' समुद्रमंथनाची गोष्ट मुलीला माहीत होती, त्यामुळे देव आठवायला वेळ लागला नाही. शेवटी एक रिकामा रकाना वाढवला, 'का?'. उत्तर बरोबर असेल आणि 'का' कोरा असेल तर अर्धाच गुण. मुलीने पहिल्या 'का' मध्ये लिहिले, 'कारण सुरात म्हणताना सु लहान होतो, म्हणून मराठी, म्हणून सूर मोठा.' व्याकरणाच्या पुस्तकात हे जड शब्दांत असते, पण तिने सांगितले ते पुरेसे बरोबर आहे.

एक गोष्ट श्रुतलेखनाची. या जोड्यांतला सुटा शब्द सांगून मुलांना लिहायला लावण्यात काही अर्थ नाही. वर्गात 'दिन' म्हटले तर ते कोणते, हे पाणिनीलाही सांगता येणार नाही. आधी वाक्य सांगावे, मग शब्द, मग पुन्हा वाक्य. दोन्ही शब्द एकाच दिवशी शेजारी शेजारी देऊ नयेत, ही माझी आणखी एक सवय. आधी दीनदुबळ्यांचा दीन आठवडाभर लिहून घ्यावा, दिन नंतर. एकाच वेळी दोन्ही दाखवले की गोंधळही बरोबर पाठ होतो.

नवा कागद घेऊन मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. बाईंनी वाचला, त्याच दिवशी 'शिर' वरची फुली खोडली आणि गुण वाढवला. 'कृतीपत्रिका' चा मथळा मात्र अजून तसाच आहे, कारण वर्षभराच्या प्रती छापून झाल्या आहेत. पुढच्या जूनमध्ये छापायच्या आधी तेवढा एक 'ती' ऱ्हस्व करावा, ही बाईंना विनंती.